मंडळाची कॅरोसेल पोस्ट: वेळापत्रक, सांस्कृतिक कार्यक्रम आणि वर्गणीचा हिशोब – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे कार्यकर्ते, खजिनदार आणि डिझाइन करून देणारी मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोसायटीच्या किंवा गल्लीच्या मंडळाला ती पुरतील. रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. हिशोबावरचे प्रश्न जास्त येतात, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

१. कॅरोसेल म्हणजे नेमकं काय? एकाच फलकावर सगळं बसवलं तर चालत नाही का?

एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत पाहता येतील अशी चित्रांची मालिका म्हणजे कॅरोसेल. छापील फलक लोक चौकात उभे राहून वाचतात, त्यामुळे त्यावर अकरा दिवसांचं सगळं बसतं. तोच फलक मोबाइलवर आला की अक्षरं इतकी बारीक होतात की बोटांनी मोठं करून वाचावं लागतं, आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच सोडून देतात. एका स्लाइडवर एकच विषय ठेवला की अक्षर मोठं राहतं. शिवाय ज्याला फक्त मुलांच्या चित्रकला स्पर्धेची वेळ हवी आहे, तो तेवढी एकच स्लाइड आपल्या गटात पाठवू शकतो.

२. किती स्लाइड कराव्यात आणि क्रम कसा लावावा?

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये २० चित्रं चालतात, पण मंडळाला आठ पुरतात. पहिली मुखपृष्ठाची: मंडळाचं नाव, वर्ष, ठिकाण आणि आत काय आहे याची एक ओळ. दुसरी व तिसरी वेळापत्रकाची, चौथी व पाचवी सांस्कृतिक कार्यक्रमांची. सहावी जमा बाजूची, सातवी खर्च आणि शिल्लकेची. आठवीवर संपर्क, सूचना आणि दुरुस्तीची तारीख.

मुखपृष्ठावर “आत: वेळापत्रक, स्पर्धा, गेल्या वर्षीचा पूर्ण हिशोब” असं स्पष्ट लिहा. हिशोब आत आहे हे कळलं नाही, तर लोक दुसऱ्या स्लाइडनंतर थांबतात आणि मग “हिशोब कुठे आहे?” असं विचारत राहतात.

३. चित्राचं माप आणि अक्षराचा आकार किती ठेवायचा?

१०८० × १३५० पिक्सेल, म्हणजे उभं ४:५ माप. सगळ्या स्लाइड एकाच मापाच्या करा, कारण पहिलीच्या मापाप्रमाणे बाकीच्या कापल्या जातात. एखादी आडवी स्लाइड मध्ये घुसली तर नेमकी रकमांची उजवी बाजू कापली जाते. या मापावर मजकुराचं अक्षर ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नका. चारही बाजूंनी ८० पिक्सेल जागा मोकळी सोडा.

देवनागरीत दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो, आणि “पूजा”, “मूर्ती”, “कीर्तन” हे शब्द अडखळत वाचावे लागतात.

४. डिझाइनमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात. काय करावं?

याची दोन कारणं असतात. एक म्हणजे मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. गेल्या वर्षीच्या छापील पत्रिकेच्या फाइलमधून तो उचलला की पडद्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं हाच खात्रीचा उपाय. दुसरं कारण म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची मजकूर-मांडणी निवडलेली नसते. मग “र्ती” मधला रफार बाजूला पडतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते. मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा युनिकोड फाँट घ्या आणि आधी “दुसऱ्या, मूर्ती, शक्ती, विसर्जन, कार्याध्यक्ष” एवढे शब्द टाइप करून बघा. हे नीट दिसले तर पुढचं सहसा बिघडत नाही.

५. वेळापत्रकात काय काय लिहायचं? “सायंकाळी” एवढं पुरतं का?

नाही. प्रत्येक ओळीत वार, तारीख, सुरू होण्याची वेळ, कार्यक्रम आणि जागा हवी. “सोमवार, १४ सप्टेंबर २०२६ · सकाळी १०.३० · प्राणप्रतिष्ठा · मुख्य मांडव” अशी ओळ कुणालाही पुरते. फक्त तिथी लिहिली तर नोकरदारांना सुट्टीचा अंदाज येत नाही, आणि फक्त तारीख लिहिली तर ज्येष्ठ मंडळी तिथी विचारतात. तिथी लहान अक्षरात खाली द्या.

रोजच्या आरतीची वेळ प्रत्येक दिवशी पुन्हा लिहू नका. वर एका पट्टीत “आरती रोज सकाळी ८ आणि रात्री ८” असं एकदाच लिहा आणि वेळ वेगळी असेल तेवढ्याच दिवसांचा उल्लेख खाली करा. एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त ओळी नकोत.

६. रात्रीचा कार्यक्रम किती वाजेपर्यंत दाखवता येतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते हे जिल्हा प्रशासन जाहीर करतं, आणि उत्सवाचा प्रत्येक दिवस त्यात असतोच असं नाही. तुमच्या जिल्ह्याची यादी हातात येईपर्यंत स्लाइडवर समाप्ती १० चीच लिहा. ऑर्केस्ट्रा ८.३० ला जाहीर करून प्रत्यक्षात ९.१५ ला सुरू झाला, तर कलाकारांना पाऊण तासात आटोपावं लागतं. म्हणून आरती ८ ला असेल तर कार्यक्रमाची वेळ ८.४५ लिहिणं जास्त प्रामाणिक आहे.

७. सांस्कृतिक कार्यक्रमांच्या स्लाइडवर स्पर्धांचे सगळे नियम द्यावेत का?

स्पर्धकाला घरातून निघण्याआधी जे कळायला हवं तेवढंच द्या: वयोगट, नावनोंदणीची शेवटची तारीख, वेळेची मर्यादा आणि सोबत काय आणायचं. रांगोळीसाठी “जागा ३ × ३ फूट, वेळ ९० मिनिटं, रंग स्वतःचे” एवढं लिहिलं की निम्मे फोन कमी होतात. नृत्यासाठी “गाणं ४ मिनिटांपर्यंत, फाइल आदल्या दिवशी द्यावी” ही ओळ विसरू नका. ती नसली की ऐनवेळी प्रत्येकजण आपला मोबाइल ध्वनियंत्रणेला जोडायला येतो आणि दहा नृत्यांचा कार्यक्रम तासभर लांबतो.

वयोगट मोजण्याचा दिवसही लिहा (“वय १ सप्टेंबर रोजी पूर्ण”). बक्षीस समारंभातले बरेच वाद तिथून सुरू होतात.

८. हिशोब उत्सवाआधी टाकायचा की नंतर?

दोन्ही वेळा, वेगवेगळा. उत्सवाआधीच्या पोस्टमध्ये गेल्या वर्षीचा अंतिम जमाखर्च आणि यंदाचं अंदाजपत्रक द्या. वर्गणी मागताना लोकांचा पहिला प्रश्न “मागच्या वेळचे किती उरले?” हाच असतो आणि त्याला उत्तर मिळतं. विसर्जनानंतर पंधरा-वीस दिवसांत यंदाचा अंतिम हिशोब नव्या पोस्टमध्ये द्या. दुसऱ्याच दिवशी घाईने टाकू नका, कारण मांडववाल्याचं आणि वीज मंडळाचं शेवटचं बिल तोवर आलेलं नसतं.

उत्सव चालू असताना “आजपर्यंत जमा” असा आकडा द्यायचा असेल तर त्यावर तारीख आणि वेळ लिहा. तारीख नसलेला आकडा चार दिवसांनी कुणीतरी पुढे पाठवतो आणि तो अंतिम हिशोबाशी जुळत नाही म्हणून शंका निघतात.

९. हिशोबाची स्लाइड कशी मांडायची? एक पूर्ण उदाहरण द्याल का?

जमा आणि खर्च वेगळ्या स्लाइडवर, पण दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले. हे उदाहरण पाहा.

जमा:
मागील शिल्लक – १८,४५०
वर्गणी, रोख (१४२ जण) – ९६,३००
वर्गणी, यूपीआय (११८ जण) – १,०४,२००
स्मरणिकेतल्या जाहिराती (५) – ४५,०००
दानपेटी – १२,६४०
एकूण – २,७६,५९०

खर्च:
मूर्ती – ३२,०००
मांडव व सजावट – ६८,५००
ध्वनी व प्रकाश – ४१,०००
स्पर्धा, कलाकार, बक्षिसं – ३६,७५०
पूजा साहित्य व महाप्रसाद – २८,९००
विसर्जन मिरवणूक – ३४,०००
वीज, परवाने, छपाई – ९,३४०
एकूण – २,५०,४९०

शिल्लक – २६,१०० (बँकेत २१,९००, हातात रोख ४,२००)

बहुतेक मंडळं शेवटचा कंस टाळतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जमा वजा खर्च हे कागदावरचं उत्तर आहे. ते पैसे आत्ता कुठे आहेत हे सांगितल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. “किरकोळ” किंवा “इतर” अशी मोठी रक्कम ठेवू नका. वरच्या शेवटच्या ओळीत तीन गोष्टी एकत्र केल्या आहेत, पण त्यांची नावं लिहिली आहेत.

स्लाइड बनवण्याआधी एक्सेलमध्ये हाच क्रम ठेवून पडताळणी करा. मागील शिल्लक बी २ मध्ये, चार जमा बी ३ ते बी ६ मध्ये, सात खर्च बी ९ ते बी १५ मध्ये, बँक व रोख बी १८ आणि बी १९ मध्ये असतील तर हे सूत्र वापरा:

```
=B2+SUM(B3:B6)-SUM(B9:B15)-SUM(B18:B19)
```

उत्तर शून्य यायला हवं. एक रुपयाही उरला तर स्लाइड थांबवा आणि प्रश्न १० पाहा.

१०. पावत्यांची बेरीज आणि हातातली रक्कम जुळत नाही. चूक कुठे शोधायची?

आधी फरक कोणत्या दिशेचा आहे ते पाहा. वरच्याच उदाहरणात समजा रोख पावत्यांची बेरीज ९६,८०० आली, पण खजिनदाराकडे रोख ९६,३०० च जमा झाली होती. म्हणजे ५०० कमी. त्याच वेळी यूपीआयच्या नोंदवहीत १,०३,७०० होते आणि बँकेच्या विवरणात वर्गणीचे १,०४,२०० आलेले. म्हणजे तिथे ५०० जास्त. एकीकडे जेवढं कमी तेवढंच दुसरीकडे जास्त असेल तर पैसे गेलेले नसतात. कुणीतरी दारात क्यूआर कोडवर ५०० भरले आणि कार्यकर्त्याने सवयीने पावती रोख पुस्तकातून फाडली. त्या पावतीच्या स्थळप्रतीवर “यूपीआय” असा शेरा मारून रक्कम त्या रकान्यात न्या. एकूण जमा बदलत नाही.

फरक एकाच बाजूला असेल तर पावतीपुस्तकं मोजा. ५० पावत्यांची तीन पुस्तकं दिली होती, म्हणजे १५० पावत्या. त्यातल्या १४३ फाडलेल्या (वरची चुकून फाडलेली धरून), ३ रद्द, ४ कोऱ्या असा पूर्ण १५० चा हिशोब लागला पाहिजे. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच चिकटलेल्या हव्यात. स्थळप्रत आहे आणि मूळ प्रत नाही, तर ती पावती रद्द नाही, दिलेली आहे असंच समजा. त्यानंतर बेरजा तपासा. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेलेत: ५१० ऐवजी १५० लिहिलं की फरक ३६० येतो.

११. वर्गणीदारांची नावं आणि रकमा स्लाइडवर द्याव्यात का?

रकमेसह यादी उघड पोस्टमध्ये देऊ नये असं आमचं मत आहे. १०१ देणारं घर आणि ५,००१ देणारं घर एकाखाली एक दिसलं की पहिलं घर पुढच्या वर्षी दार उघडायला कचरतं. शिवाय नाव, घर क्रमांक आणि रक्कम एकत्र अनोळखी लोकांच्या हाती जाते. त्याऐवजी पावती क्रमांकाप्रमाणे रकमा द्या: “पावती ६१ ते ७०: एकूण ६,३५०”. प्रत्येकाला आपली पावती कोणत्या गटात मोजली गेली ते दिसतं आणि कुणाचं नाव बाहेर पडत नाही.

नावांसह पूर्ण यादी मंडळाच्या कार्यालयात ठेवा आणि ती कधी पाहता येईल तो वार व वेळ आठव्या स्लाइडवर लिहा. जाहिरातदारांचं वेगळं. त्यांना नाव हवंच असतं, तरीही आधी विचारा.

१२. क्यूआर कोड स्लाइडवर टाकणं सुरक्षित आहे का?

टाकता येतो, पण एकाच स्लाइडवर, आणि त्याच्याखाली “स्कॅन केल्यावर खातेदाराचं नाव असं दिसेल” हे लिहून. चित्र पुढे पाठवता पाठवता त्यावर दुसरा कोड चिकटवणं अवघड नाही. पैसे भरण्याआधी दिसणारं नाव ताडून पाहणं हाच दात्याचा बचाव. खातं मंडळाच्या नावाचं असावं. ते नसेल आणि खजिनदाराचं खातं वापरावं लागलं, तर त्यात दुसरा कोणताही व्यवहार होऊ देऊ नका. किराणा, पगार आणि वर्गणी एकाच विवरणात आले की प्रश्न १० मधली पडताळणी जवळजवळ अशक्य होते. बँक विवरणाचा फोटो पोस्टमध्ये कधीही टाकू नका.

१३. कुणी पैसे न देता मूर्ती किंवा महाप्रसादाचा शिधा दिला, तर हिशोबात कसा दाखवायचा?

जमाखर्चात धरू नका. खाली “वस्तुरूपाने” असा वेगळा चौकोन करून वस्तू आणि प्रमाण लिहा: तांदूळ २५ किलो, मूर्ती १, खुर्च्या १०० (तीन दिवस). अंदाजे किंमत जमेत धरली आणि खर्चात विसरली, तर शिल्लक फुगते आणि बँकेशी जुळत नाही. ध्वनियंत्रणावाल्याने बिलात सूट दिली असेल तर प्रत्यक्ष दिलेली रक्कमच खर्चात येते. सूट ही देणगी नव्हे.

१४. मैदानाची अनामत आणि मांडववाल्याचा विसार कुठे धरायचा?

विसार हा त्याच खर्चाचा भाग. २०,००० आधी दिले आणि ४८,५०० नंतर, तर मांडवाखाली ६८,५०० एकदाच. विसार वेगळा आणि पूर्ण बिल वेगळं असं लिहिल्यानं तीच रक्कम दोनदा मोजली जाते. ही चूक नेहमीची.

अनामत खर्च नाही, ती परत येणार असते. पोस्ट टाकेपर्यंत परत आली नसेल तर शिल्लकेच्या कंसात तिसरा आकडा येतो: बँकेत अमुक, रोख तमुक, परत येणारी अनामत इतकी. कापून घेतली गेली तर कापलेली रक्कम तेवढी खर्चात टाका आणि कारण लिहा. वरच्या सूत्रात अनामतीसाठी बी २० जोडावं लागेल.

१५. नोंदणी नसलेल्या मंडळाने फक्त हिशोब पोस्ट केला की झालं का? आणि “करसवलत मिळेल” असं लिहिता येतं का?

पोस्ट लोकांसाठी आहे, कायद्याची गरज त्याने भागत नाही. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर तिथे हिशोबही द्यावा लागतो. परवानगीचा क्रमांक जमेच्या स्लाइडवर छापा. दोन्हीकडचे आकडे एकच असले पाहिजेत, म्हणून आधी कार्यालयाचा हिशोब पक्का करा आणि मग त्यावरून स्लाइड बनवा.

करसवलतीचं वाक्य फक्त आयकर कायद्याखाली देणगीच्या वजावटीची मान्यता असलेल्या संस्थेनेच लिहावं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ८० जी होतं. तशी मान्यता असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती वजावट मिळत नाही. गल्लीच्या मंडळाकडे ही मान्यता सहसा नसते. तिथे हे वाक्य छापणं म्हणजे दात्याची दिशाभूल.

१६. पोस्ट टाकल्यावर वेळ किंवा आकडा चुकल्याचं कळलं. आता?

इन्स्टाग्रामवर मजकूर बदलता येतो, पण टाकलेलं चित्र बदलून तिथे नवं घालता येत नाही. वेळेची चूक असेल तर मजकुराच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती लिहा आणि दुरुस्त स्लाइड स्वतंत्र टाका. आकड्याची चूक असेल तर पूर्ण नवी पोस्ट करा, मुखपृष्ठावर “दुरुस्ती १” व तारीख लिहा, आणि आठव्या स्लाइडवर जुना आकडा, नवा आकडा व कारण द्या: “विसर्जन मिरवणूक ३१,००० ऐवजी ३४,०००, ट्रकचं उशिरा आलेलं बिल ३,०००”. खर्च वाढला की शिल्लकही तेवढीच घटते, दोन्ही जागी बदला. जुनी पोस्ट गुपचूप काढली, तर जुना फोटो जपून ठेवलेला माणूस तोच पुरावा म्हणून दाखवतो.

१७. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर स्लाइड अस्पष्ट होतात, क्रमही बिघडतो.

साधं चित्र म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं. पाठवताना एचडी निवडा, किंवा हिशोबाच्या दोन स्लाइड पीडीएफ करून दस्तऐवज म्हणून पाठवा. क्रमासाठी फाइलची नावं `01_mukhya.png`, `02_velapatrak.png` अशी ठेवा आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात “३/८” असा क्रमांक छापा. एकेक स्लाइड सुटी फिरते, त्यामुळे मंडळाचं नाव आणि वर्ष प्रत्येकीवर हवं. गेल्या वर्षीची आरतीची वेळ यंदा गटात फिरण्याचं कारण बहुतेक वेळा स्लाइडवर वर्ष नसणं हेच असतं.